वाळलेली हिरवळ आणि पसारा: घराचा बाहेरचा फोटो कसा सुधारावा

प्रश्न: आमचं गुहागरजवळ जांभ्या चिऱ्यांचं कौलारू घर आहे, होमस्टे म्हणून देतो. एप्रिलमध्ये समोरून फोटो काढला. पुढची हिरवळ वाळून पिवळी पडली आहे. शिवाय कडेला सरपणावर निळी ताडपत्री, दोरीवर कपडे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. फोटोशॉपमध्ये Hue/Saturation ने गवत हिरवं केलं तर ते प्लॅस्टिकचं वाटतं. नीट कसं करू? आणि किती करणं योग्य?

उत्तर:

आधी पसारा काढा, रंगाला नंतर हात लावा. बहुतेक लोक उलटं करतात, कारण गवत हिरवं झालेलं बघायची घाई असते. पण खुर्ची पुसल्यावर तिच्या जागी जे गवत भरायचं ते शेजारच्याच वाळक्या गवतातून येणार. वाळक्यावर वाळकं बेमालूम बसतं. मग सगळ्या जमिनीवर एकदमच हिरवा रंग चढतो आणि जोड दिसत नाही. रंग आधी दिला आणि Clone Stamp च्या वरच्या पट्टीत Sample पुढे All Layers असं ठेवलं, तर उचललेल्या तुकड्यात रंगाचा बदल आधीच उतरलेला असतो आणि वरचा थर तोच बदल पुन्हा करतो. तेवढी जागा गडद, शेवाळल्यासारखी दिसते. रंगाचे थर आधीच केले असतील तर Sample च्या शेजारी, रंगदुरुस्तीचे थर वगळण्याचं छोटं बटण आहे, ते दाबून ठेवा.

पसारा म्हणजे काय, हे मात्र माउस हातात घेण्याआधी ठरवा. माझा नियम सरळ आहे: पाहुणे यायच्या आधी जे तुम्ही स्वतःच्या हाताने उचलून ठेवणार आहात तेवढंच फोटोतून काढायचं. ताडपत्री, कपडे, खुर्च्या, पडलेली झावळी, पाण्याचा पाइप, उभी स्कूटर, हे सगळं त्यात बसतं. विजेचा खांब, शेजाऱ्याची पत्र्याची शेड, गच्चीवरची टाकी, भिंतीवर पावसाने आलेला काळा ओघळ, चिऱ्याला गेलेली चीर, हे बसत नाही. तो खांब पाहुण्याला बेडं उघडल्याबरोबर दिसणारच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, पण त्याच्याही आधी, सहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाला फोटोतलं घर आणि समोरचं घर एकच वाटलं पाहिजे. तुळशीवृंदावन आणि विहीर यांना तर अजिबात हात लावू नका. एकांनी त्यांच्या घराच्या फोटोतून विहिरीचा रहाट ‘अडगळ’ म्हणून काढायला सांगितला होता. मी तो ठेवायला लावला, आणि पुढे पाहुणे त्याच रहाटाशी उभे राहून फोटो काढू लागले.

आता ताडपत्री. ही तुमच्या फोटोतली सगळ्यात अवघड वस्तू असणार, कारण तिच्यामागे चिऱ्याची भिंत आहे. Content-Aware Fill गवतावर चांगलं चालतं, भिंतीवर ते सांधे वाकडे करतं. ते वापरायचंच असेल तर त्याच्या खिडकीत नमुना कुठून घ्यायचा ते हिरव्या आच्छादनाने दाखवलेलं असतं, ते पुसून फक्त भिंतीपुरतं ठेवा, नाहीतर चिऱ्याच्या मधोमध पडवीच्या खांबाचा तुकडा उगवतो. मी स्वतः भिंतीवर Clone Stamp च घेतो. वर एक नवा रिकामा थर करायचा आणि काम त्यावर करायचं, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. Alt दाबून नमुना घेताना बरोबर सांध्याच्या रेघेवर टिचकी मारा आणि पहिला फटकाही ताडपत्रीमागे तीच रेघ जिथे पुढे आली असती तिथेच मारा. रेघ जुळली की भिंत जुळली.

एक गोष्ट लक्षात ठेवा: घर थोडं तिरकं आलं असेल तर हे सांधे समांतर नसतात, लांबच्या टोकाला एकमेकांजवळ येत जातात. म्हणून जवळच्या टोकाचा चिरा उचलून लांब नेला की तो मोठा दिसतो. नमुना शक्यतो लगतच्या चिऱ्यातून घ्या.

जांभ्याची दुसरी अडचण त्याच्या भोकांची आहे. सिमेंटची भिंत दोनदा छापली तरी कुणाला कळत नाही, पण जांभ्याच्या प्रत्येक चिऱ्यावर भोकांची आणि पिवळसर डागांची स्वतःची नक्षी असते. तीच नक्षी शेजारी शेजारी दोनदा आली की डोळा तिथेच अडकतो. त्यामुळे एका चिऱ्याचा चेहरा दोन-तीन वेगवेगळ्या चिऱ्यांतून थोडा थोडा घ्या आणि मोठं, ओळखू येणारं भोक एकदाच येऊ द्या.

ताडपत्री गेली तरी तिच्या दोन खुणा मागे राहतात, आणि नवशिक्याचं काम तिथेच पकडलं जातं. पहिली तिची सावली. सरपण आणि ताडपत्री मिळून कमरेएवढा ढीग असेल तर त्याची सावली जमिनीवर पसरलेली असते. वस्तू गेली आणि सावली राहिली, असं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. दुसरी खूण बारीक आहे. निळी ताडपत्री उन्हात शेजारच्या चिऱ्यांवर निळसर उजेड टाकते. ती काढल्यावर मागचा जांभा निस्तेज, जांभळट दिसत राहतो आणि कारण समजत नाही. तिथे नवा थर करा, त्याची मिश्रणपद्धत Color ठेवा, उन्हातल्या स्वच्छ चिऱ्याचा रंग उचला आणि मऊ ब्रशने दहा-पंधरा टक्के तीव्रतेने हलकेच फिरवा. निळाई जाते, भोकं आणि उजेड-सावली तशीच राहतात.

कपड्यांची दोरी दोन टप्प्यांत काढा. आकाशावरचा आणि झाडांवरचा भाग Spot Healing Brush एका फटक्यात पुसतो. कौलांवरून जाणारा भाग त्याच्यावर सोडू नका, कारण तो कौलांच्या काळ्या कडा फासून टाकतो. कौलांची रचना पुन्हा पुन्हा तीच असते, ती आपल्या कामाची आहे. दोरीखालच्या कौलासाठी नमुना बरोबर एक ओळ वरच्या कौलातून, त्याच जागेवरून घ्या. कड कडेवर बसली की बाकीचं आपोआप बसतं. सगळी कौलं सारखी लाल करायच्या भानगडीत मात्र पडू नका. जुन्यात एखादं नवं, जास्त लाल कौल असतंच, ते खऱ्या घराचं लक्षण आहे. खुर्च्या आणि पाइप गवतावर आहेत, ते सोपं काम आहे. खिडकीच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब राहिलेलं नाही ना एवढं तेवढं बघा.

इथवर आलात की तुमच्याकडे स्वच्छ पण वाळक्या गवताचा फोटो आहे. आता खरा प्रश्न.

Hue/Saturation ने गवत प्लॅस्टिकचं का दिसतं, हे आकड्यांत बघितलं की लगेच कळतं. दापोलीकडच्या अशाच एका घराच्या फोटोतले आकडे सांगतो. Info ची खिडकी उघडली, ड्रॉपरचा Sample Size ३१ बाय ३१ ची सरासरी असा ठेवला, म्हणजे एका पात्याचा नाही तर पुंजक्याचा रंग कळतो. उन्हातलं वाळकं गवत होतं लाल १७६, हिरवा १५२, निळा १०४. त्याच अंगणात मोरीच्या पाण्यावर जगलेला एक हिरवा पट्टा होता, तोही उन्हातच. तिथे आकडे आले लाल ९८, हिरवा ११८, निळा ५२.

हेच आकडे Info मध्ये HSB करून पाहिले तर वाळक्या गवताचा रंगकोन ४० अंश आणि उजळपणा ६९ टक्के येतो. जिवंत गवताचा कोन ७८ अंश आणि उजळपणा ४६ टक्के. म्हणजे रंग फक्त अडतीस अंशांनी सरकला, पण उजळपणा एक तृतीयांशाने उतरला. कारण उघड आहे. जिवंत पात्यातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड शोषून घेतं, म्हणून पातं गडद दिसतं. ते हरितद्रव्य गेलं की पातं बराच जास्त उजेड परत फेकतं. तुम्ही Hue ची कळ अडतीसने सरकवता तेव्हा रंग बरोबर जागी जातो, पण उजळपणा जिथल्या तिथे राहतो. हाती येतं ते १५४, १७६, १०४ असं काहीतरी फिकट, पोपटीसर. ते अशक्त दिसतं म्हणून माणूस Saturation चढवतो, आणि मग ते लग्नाच्या मांडवात अंथरतात त्या हिरव्या गालिच्यासारखं होतं. दोष हिरव्या रंगाचा नाही. गवत काळवंडायला हवं होतं, ते काळवंडलं नाही.

आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. जिवंत गवतात लाल ९८ आहे, हिरव्याच्या फार खाली नाही. आपल्या मनातली हिरवळ आणि कॅमेऱ्यातली हिरवळ यांत बराच फरक असतो, कॅमेऱ्यातली कितीतरी पिवळसर असते. रंगकोन शंभराच्या पुढे गेला की कोकणातलं काय, उन्हातलं कुठलंच गवत सहसा तसं दिसत नाही.

म्हणून मी Curves चा थर वापरतो. त्यात तिन्ही रंग वेगवेगळे हलवता येतात, आणि वरचे आकडे थेट टंकता येतात. लाल वाहिनी निवडून एक बिंदू घ्या, Input १७६, Output ९८. हिरव्या वाहिनीत १५२ चे ११८. निळ्यात १०४ चे ५२. एवढ्याने पुंजक्याचा सरासरी रंग तंतोतंत जुळतो, पण इथेच थांबू नका. मधला बिंदू खाली ओढल्यावर त्याच्या वरची रेघ फार उभी होते, आणि उन्हात चमकणाऱ्या काड्या भडक, ठिपक्याठिपक्यांच्या दिसायला लागतात. त्यासाठी प्रत्येक वाहिनीचं उजवं टोकही खाली आणा: लाल २५५ चं १८०, हिरवा २५५ चं २१५, निळा २५५ चं १५० च्या आसपास. रेघ पुन्हा सौम्य होते आणि पात्यांची टोकं मऊ हिरवी राहतात.

हे आकडे माझ्या त्या फोटोचे आहेत. तुमच्या फोटोत वाळक्या गवताचा आकडा तुम्ही स्वतः मोजायचा. जिवंत गवताचा आकडाही तुमच्याच फोटोतून मिळाला तर उत्तम: मोरीजवळ, माडाच्या आळ्यात, नळाखाली कुठेतरी हिरवा पुंजका सापडतोच. नाहीच सापडला तर उन्हातली माडाची झावळी मोजा आणि तिला मर्यादा समजा. त्याच उन्हातल्या झावळीपेक्षा हिरवळीचं Saturation जास्त दिसलं तर तुम्ही जास्त केलं आहे.

आता थराची Opacity पंचाहत्तर टक्क्यांवर आणा. याला हिशेब आहे. पंचाहत्तर टक्क्यांना वरचा रंग साधारण ११८, १२७, ६५ होतो, कोन ६९ अंश, म्हणजे अजून पिवळट हिरवा. तुमच्या फोटोसाठी मला हाच हवा, कारण ऋतूचा मेळ बसला पाहिजे. आपल्याकडे जुलैतलं गवत गर्द असतं, पण जुलैत आकाश असं निरभ्र नसतं आणि सावल्या अशा धारदार पडत नाहीत. तुमच्या फोटोत एप्रिलचं कडक ऊन आहे. कडक ऊन आणि हिरवं गवत कोकणात एकत्र दिसतात ते ऑक्टोबरमध्ये, भातकापणीच्या दिवसांत, आणि तेव्हाच्या गवताची टोकं पिवळी पडायला लागलेली असतात. तुमचं लक्ष्य ते आहे. मागे सागाचं झाड असेल तर एकदा निरखून पाहा. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. खराटा झालेला साग आणि त्याच्या पायाशी गर्द हिरवळ असं चित्र आलं तर एकतर फ्रेम कापून साग बाहेर काढा, नाहीतर हिरवळ आणखी पिवळसर ठेवा, म्हणजे ती विहिरीच्या पाण्यावर कशीबशी जगवलेली वाटेल.

हा रंग फक्त गवतावरच पडावा यासाठी मास्क लागतो, आणि कोकणातल्या घरात मास्क त्रास देतो. Select मधल्या Color Range ने वाळक्या गवतावर टिचकी मारलीत की ते गवताबरोबर अर्धी भिंत, दाराचं लाकूड आणि सारवलेलं अंगणही उचलतं, कारण हे सगळे रंग एकाच कुळातले आहेत. म्हणून आधी Lasso ने फक्त गवताचा भाग ढोबळ वेढून घ्या आणि ती निवड चालू असतानाच Color Range उघडा, मग ते त्या वेढ्याच्या आतच शोधतं. Fuzziness चाळीसपासून सुरू करा आणि Shift दाबून गवताच्या उजळ आणि गडद जागांवर आणखी दोन-तीन टिचक्या मारा.

सारवलेलं अंगण या वेढ्याच्या बाहेर ठेवा, तुमच्या भाषेत खळं म्हणत असाल तर तेही. ते मुळात गवताचं नाहीच, आणि घराची शोभा त्या सारवणात आहे. शहरातल्या माणसांना मी पुढचं सगळं अंगण हिरवं करायला सांगताना ऐकलं आहे. तसं केलं की घर कोकणातलं उरत नाही.

मास्कची कड जिथे जोत्याला, गडग्याला किंवा वृंदावनाला टेकते तिथे खोटेपणा आधी दिसतो. कड सरळ आणि धारदार राहिली तर गवत कापून चिकटवल्यासारखं वाटतं. ती पुसट करायला गेलात तर जोत्याच्या चिऱ्यावर हिरवी प्रभा चढते. खरं गवत जोत्यावर थोडं चढलेलं असतं, पातं पात्याने. म्हणून फोटो दोनशे टक्के मोठा करा, तीन-चार पिक्सेलचा कडक ब्रश घ्या आणि मास्कवर पांढऱ्याने खालून वर असे छोटे, वेगवेगळ्या कलाचे फटके मारत कडेने जा. फटके तिथेच मारा जिथे मूळ फोटोत वाळकं पातं खरोखर वर आलेलं आहे. हे काम कंटाळवाणं आहे, पण मी यात कधीच काटकसर करत नाही. बाकी सगळं बरोबर असून एवढंच चुकलं तरी फोटो खोटा दिसतो.

यानंतरही हिरवळ सपाट दिसेल, कारण ती सगळीकडे सारखी झाली आहे. अंगणात उभं राहून बघा, गवत कुठेच सारखं नसतं. माडाच्या आळ्याभोवती आणि पन्हळीचं पाणी पडतं तिथे ते दाट असतं. उघड्यावर, जिथे जांभ्यावर मातीचा थर पातळ आहे, तिथे ते विरळ असतं. बेड्यापासून ओटीपर्यंत माणसं चालतात ती वाट तर बारा महिने तुडवलेली असते. मास्कवर मोठा मऊ काळा ब्रश कमी तीव्रतेने फिरवून हेच उतरवा: आळ्याभोवती मास्क जवळजवळ पूर्ण पांढरा, उघड्यावर किंचित करडा आणि पायवाटेवर इतका गडद की तिथे रंग जेमतेम चतकोर चढेल. पायवाट हिरवी केली तर घरात कुणी राहत नाही असं वाटतं.

बारीक चढउतारासाठी एक दुसरा, अगदी सौम्य Curves थर करा, रंग किंचित पिवळा करणारा. त्याच्या मास्कमध्ये Filter मधलं Render, त्यातलं Clouds भरा आणि या थरालाही आधीच्याच मास्कच्या सीमेत बांधा. Clouds चे डबके सगळीकडे एकाच आकाराचे येतात, ते तसे ठेवू नका. Free Transform मधल्या Perspective ने वरची बाजू आवळा आणि खालची फाकवा, म्हणजे पायाशी डबके मोठे आणि घराकडे जाताना लहान होत जातील. असं केलं की जमीन आडवी पसरलेली वाटते, उभ्या पडद्यावर रंग मारल्यासारखी वाटत नाही.

उघडी लाल माती हा वेगळा प्रकार आहे. तिथे पातीच नाहीत, त्यामुळे रंगवायला काही नाही. वरचा Curves तिथे चढवला तर मळका तपकिरी डाग पडतो, आणि तो हिरवा करायला ब्रशने थेट रंग ओतला तर तेलरंग सांडल्यासारखा दिसतो. मातीचा असा तुकडा भरायचा असेल तर पसारा काढण्याच्या टप्प्यातच भरायचा, वाळक्या गवताने. नमुना नेहमी त्याच आडव्या रेषेतून घ्या, डावीकडून किंवा उजवीकडून. कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावरची पाती तेवढ्याच आकाराची असतात. पायाजवळचं गवत उचलून घराजवळ लावलं की तिथे अचानक गुडघ्याएवढं गवत उगवल्यासारखं वाटतं. सगळी माती मात्र झाकू नका. पावसानंतरही जिथे गवत येत नाही ती जागा उघडीच राहू द्या. तुम्ही त्या घरात राहता, ती जागा कुठली हे तुम्हाला माहीत आहे.

एक शेवटची गोष्ट, जी सहसा कुणी करत नाही. वाळकं गवत भिंतीच्या खालच्या भागावर पिवळसर उजेड फेकतं, हिरवं गवत हिरवट फेकतं. तुमचं जोतं चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने रंगवलेलं असेल तर तिथे हा पिवळेपणा स्पष्ट दिसतो. Color पद्धतीचा थर घ्या, हिरवळीचाच रंग उचला आणि जोत्याच्या खालच्या हातभर भागावर मऊ ब्रशने पाच-सहा टक्के फिरवा. बंद-चालू करून पाहिल्याशिवाय फरक दिसू नये, पण तो दिल्यावर घर त्या हिरवळीवर नीट बसतं.

तपासण्यासाठी सगळ्यात वर करड्या रंगाचा एक थर घाला आणि त्याची पद्धत Color करा. फोटो कृष्णधवल होतो. आता हिरवळ सारवलेल्या अंगणापेक्षा स्पष्ट गडद दिसली पाहिजे. ती अजून तेवढीच उजळ असेल तर तुम्ही रंग बदलला आहे, उजेड बदललेला नाही, परत Curves कडे जा. मग करडा थर बंद करून फोटो आडवा उलटा करा, डावं उजवीकडे. सवयीचं चित्र मोडलं की दोनदा छापलेला चिरा, उरलेली सावली, हिरवी प्रभा लगेच नजरेत येतात. शेवटी फोनवर लहान आकारात बघा, पाहुणे तिथेच बघणार आहेत. लहान चित्रात नजर आधी घराकडे न जाता गवताकडे गेली तर Opacity आणखी दहाने उतरवा.

एक मर्यादा मान्य करावीच लागेल. फोनच्या जेपीजी फाइलमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. एवढा मोठा बदल केला की निळ्या वाहिनीत चौकोन चौकोन दिसू लागतात, विशेषतः सावलीतल्या गवतात. तसं झालं तर सावलीच्या भागात मास्क करडा करा. तुमच्या फोनमध्ये रॉ किंवा डीएनजी स्वरूपात फोटो काढायची सोय असेल तर त्याच जागेवरून, त्याच वेळी पुन्हा काढा. वेळ मिळाला तर त्याआधी ताडपत्री आणि खुर्च्या हातानेच उचला, वर लिहिलेलं भिंतीचं सगळं काम वाचेल.

किती करणं योग्य, याचं उत्तर हिरवळीच्या बाबतीत तारखेवर अवलंबून आहे. तुमचं गवत पावसानंतर खरंच हिरवं होत असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पाहुण्यांसाठी हा फोटो वापरा, आणि खाली स्पष्ट लिहा की हिरवळीचा रंग फोटोत बदललेला आहे, पावसाळ्यानंतर अंगण असं दिसतं. एप्रिल-मेमध्ये येणाऱ्यांना पसारा काढलेला पण वाळक्या गवताचाच फोटो दाखवा. त्या दिवसांत लोक आंब्यासाठी आणि समुद्रासाठी येतात, पिवळं गवत बघून कुणी बेत रद्द करत नाही. त्यासाठी रंगाचे थर बंद करून वेगळी प्रत काढा, आणि दोन्ही प्रती sRGB मध्ये साठवा, नाहीतर काही फोनवर हिरवा वेगळाच दिसतो.

थरांसकट पीएसडी फाइल जपून ठेवा. फोटो कुठे उभं राहून काढला ती जागा गडग्याच्या एखाद्या दगडावरून लक्षात ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच वेळी, फोन तेवढ्याच उंचीवर धरून खऱ्या हिरवळीचा फोटो घ्या. तो आला की रंगवलेला फोटो उतरवून हा लावा. पुढच्या वर्षी कुठे काही रंगवायची वेळ आलीच, तर आकडे मोजायला तुमच्याच अंगणातलं गवत हाताशी असेल.